वरण गॅसवर, भात मायक्रोवेव्हमध्ये

आईबाबा दोघंही नोकरीला, घरी परतायला रात्रीचे नऊ, आणि नववीतलं मूल क्लास संपवून साडेसातला घरी येतं ते सपाटून भूक घेऊनच. शहरातल्या कितीतरी घरांत हे रोजचंच आहे. सकाळचा स्वयंपाक फ्रिजमध्ये तयार असतो, तेवढा गरम करून घ्यायचा असतो. कुकर लावायला किंवा फोडणी द्यायला आपण मुलांना शेजारी उभं करून शिकवतो. गरम करायला मात्र कुणी शिकवत नाही, ते बघून बघून येईल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गॅस तोच, वाफ तीच, आणि त्या वेळी घरात मोठं माणूस नसतं. म्हणून मी माझ्या मुलासाठी एक चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी कसली, चांगलं लांबलचक पत्रच झालं, कारण प्रत्येक सूचनेमागचं कारणही त्यात लिहिलं आहे. कारण कळलं की चिठ्ठीत नसलेला प्रसंग आला तरी काय करायचं ते मुलाला सुचतं.

बाळा,

आज फ्रिजमध्ये स्टीलच्या पातेल्यात वरण आहे, आणि काचेच्या दोन डब्यांत भात आणि फ्लॉवर-बटाट्याची भाजी आहे. पोळ्यांचा डबा ओट्यावर आहे. वरण गॅसवर गरम कर, भात आणि भाजी मायक्रोवेव्हमध्ये, आणि पोळी तव्यावर. ही वाटणी उगाच केलेली नाही. वरण पातळ असल्यामुळे ढवळता येतं, म्हणून ते गॅसवर नीट तापतं. भात गॅसवर ठेवला तर खाली करपतो आणि वर गारच राहतो. मायक्रोवेव्हमध्ये पोळी जरा जास्त वेळ राहिली की वातड होते.

दोन्हींतला एक फरक मात्र पक्का लक्षात ठेव. मायक्रोवेव्ह वेळ संपली की आपोआप बंद होतो. गॅस तू बंद करशील तेव्हाच बंद होतो. म्हणून भाताचा डबा मायक्रोवेव्हमध्ये फिरत असताना तू बाहेर गेलास तरी चालेल, पण शेगडी पेटलेली असताना स्वयंपाकघरातून हलायचं नाही. दाराची बेल वाजली, मित्राचा फोन आला, तर आधी बटण बंद आणि मग दार. वरण दोन मिनिटं उशिरा तापलं तर काही बिघडत नाही.

दिवा लावण्याआधी वास

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी क्षणभर थांब आणि दिव्याचं बटण दाबण्याआधी वास घे. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून कंपनी त्यात मर्कॅप्टन नावाचं एक उग्र वासाचं रसायन मिसळते. सडक्या कोबीसारखा जो वास येतो तो त्याचा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि ओट्याखाली, कोपऱ्यांत साचून राहतो. दिवसभर बंद असलेल्या घरात थोडी गळतीसुद्धा पुरेशी ठरते, कारण हवेत शंभरात दोन भाग गॅस मिसळला की ठिणगीने पेट घेऊ शकतो.

वास आला तर कुठल्याही विजेच्या बटणाला हात लावू नकोस. लावायचं नाही आणि लागलेलं असेल तर बंदही करायचं नाही, कारण बटण बंद करतानाही आत बारीकशी ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅनचंही तेच. वास बाहेर काढायला तो लावावा असं वाटेल, पण लावायचा नाही. खिडक्या आणि दारं उघड. वास बेताचा असेल आणि सिलिंडरपर्यंत सहज पोचता येत असेल तर रेग्युलेटर बंद कर. वास खूप उग्र असेल तर तेही करत बसू नकोस, सरळ घराबाहेर पड. शेजारच्या काकूंची बेल वाजवू नकोस, दार ठोठाव. फोन घरात न करता बाहेर गेल्यावर कर, आधी मला आणि मग १९०६ ला. सिलिंडरच्या गॅसगळतीसाठी देशभर हाच क्रमांक आहे. आजीकडे पाइपचा गॅस आहे. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे छताकडे जातो, आणि तिथे सिलिंडरऐवजी पाइपवरचा मुख्य कॉक बंद करायचा असतो. बाकी सगळं असंच.

वास नसेल तर खिडकी थोडी उघड आणि कामाला लाग. फुटबॉलची जर्सी बदलून सुती टीशर्ट घाल. जर्सीचं कापड पेटलं तर जळता जळता वितळतं आणि कातडीला चिकटतं. फोन बाहेरच्या खोलीत ठेव. शेगडीजवळ फडकं, वर्तमानपत्र, प्लॅस्टिकची पिशवी असं काही असेल तर आधी बाजूला कर.

शेगडी पेटवताना

रेग्युलेटर चालू कर. पातेलं आत्ताच ठेवू नकोस, म्हणजे बर्नर नीट दिसेल. लायटर बर्नरजवळ नेऊन एकीकडे ठिणगी पाडायला लाग आणि मग बटण फिरव. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी बटण फिरवून तू लायटर शोधत बसलास, तर तेवढ्या वेळात बर्नरभोवती गॅस जमतो आणि पेटताना एकदम भडका उडतो. चेहरा बर्नरच्या वर आणू नकोस, हातभर मागे राहा. दोन-तीन ठिणग्यांत पेटला नाही तर बटण बंद कर, मिनिटभर थांब आणि मग पुन्हा पेटव. चिडून एकापाठोपाठ एक ठिणग्या पाडत राहायचं नाही.

ज्योत निळी आणि स्थिर दिसली पाहिजे. पिवळी, लांब, भुरभुरणारी दिसली आणि पातेल्याच्या बुडाला काजळी धरायला लागली तर बर्नरची भोकं बुजली असतील. मग त्या बर्नरऐवजी दुसरा वापर आणि मला सांग. ज्योत पातेल्याच्या बुडाखालीच राहील एवढी ठेव. ती कडेने वर आली की गॅस तर वाया जातोच, शिवाय पातेल्याचा काठ तापतो आणि पकडताना हात भाजतो.

वरण

सगळं वरण गरम करू नकोस. तुला लागेल तेवढं, दीड-दोन वाट्या, छोट्या पातेल्यात काढून घे आणि उरलेलं लगेच फ्रिजमध्ये ठेव. अन्न जितक्या वेळा तापेल आणि निवेल तितक्या वेळा त्यात जंतू वाढायला वाव मिळतो. म्हणून एकदाच तापवायचं आणि तापवलेलं संपवायचं.

फ्रिजमध्ये वरण घट्ट होऊन बसतं. तसंच गॅसवर ठेवलं तर बुडाशी तापलेला भाग वर सरकत नाही, त्याखाली वाफ कोंडते आणि मग एकदम उसळून बाहेर येते. असं उडालेलं वरण हाताला चिकटून राहतं, म्हणून ते पाण्यापेक्षा जास्त भाजतं. त्यामुळे आधी, गॅस लावायच्या आत, त्यात अर्धी वाटी पाणी घाल आणि पळीने गोळे मोडून सारखं कर. मग पातेलं मध्यम आचेवर ठेव आणि पळी बुडाला टेकवून ढवळत राहा. कडेने बुडबुडे यायला लागले म्हणजे वरण तापलं असं नाही. मधूनही बुडबुडे यायला हवेत. तसे आल्यावर आच मंद कर आणि आणखी दोन मिनिटं उकळू दे. झाकण घट्ट लावू नकोस, नाहीतर ऊत येतो.

ऊत जाण्यात ओटा घाण होण्यापेक्षा मोठा धोका आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. उतू गेलेलं वरण किंवा दूध बर्नरवर सांडलं की ज्योत विझते, पण बटण चालूच असतं. आपल्या शेगडीला ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय नाही, त्यामुळे गॅस येतच राहतो. मंद आचेवर खिडकीतून आलेल्या वाऱ्यानेही असंच होऊ शकतं. पातेल्याखाली ज्योत दिसत नाही, फुर्र असा बारीक आवाज येतोय आणि वास येतोय असं झालं, तर आधी बटण बंद कर. लगेच पुन्हा पेटवू नकोस. आणखी एक खिडकी उघड, वास पूर्ण जाईपर्यंत थांब. बर्नर निवला की पुसून घे आणि मगच पुन्हा पेटव. ‘शेगडीजवळून हलू नकोस’ असं जे मी वर लिहिलं आहे, ते याचसाठी.

उतरवताना आधी बटण बंद कर, मग सांडशीने पातेलं धर. फडक्याने धरायचं झालं तर ते कोरडंच हवं. ओल्या फडक्यातलं पाणी गरम काठाला लागताच तापतं, उष्णता थेट बोटांपर्यंत येते आणि मग पातेलं हातातून सुटतं. कुठे ठेवायचं ते उचलायच्या आधी ठरव आणि तिथली जागा मोकळी करून ठेव.

पोळी

तवा मध्यम आचेवर तापू दे. पोळी टाक, एका बाजूने वीसेक सेकंद, उलट, दुसऱ्या बाजूने तेवढाच वेळ. चिमटा किंवा उलथनं वापर, बोटं नकोत. तूप ताटात आल्यावर लाव. गॅस बंद केल्यावरही लोखंडी तवा पुष्कळ वेळ तापलेला राहतो, आणि तापलेला तवा दिसायला गार तव्यासारखाच असतो. म्हणून तो शेगडीवरच राहू दे, आल्यावर मी उचलीन.

मायक्रोवेव्ह

मायक्रोवेव्हमध्ये आग नसते. त्यातल्या लहरी अन्नातल्या पाण्याला हलवतात आणि त्यामुळे अन्न तापतं. या लहरी अन्नात वरून फार तर दोन-तीन सेंटिमीटर खोलवर पोचतात. त्याच्या आतला भाग बाहेरच्या भागाच्या उष्णतेने हळूहळू तापतो. शिवाय मायक्रोवेव्हच्या आत सगळीकडे लहरी सारख्या पडत नाहीत. ताटली फिरते ती म्हणूनच, तरीही एक घास चटका देणारा आणि शेजारचा गार असं होतंच. यावर उपाय म्हणजे मध्ये थांबून ढवळणं आणि शेवटी थोडा वेळ तसंच ठेवणं.

भात असा गरम कर. एका माणसाचा भात काचेच्या भांड्यात घे, दोन चमचे पाणी शिंपड आणि गुठळ्या मोडून पसरट कर. मधोमध खळगा ठेव, कारण मधलाच भाग मागे राहतो. झाकण वर नुसतं ठेव, दाबून बसवू नकोस, एका बाजूने फट राहू दे. दीड मिनिट लाव. बाहेर काढून खालचा भात वर कर आणि पुन्हा एक मिनिट लाव. बंद झाल्यावर मिनिटभर आतच राहू दे, तेवढ्या वेळात उष्णता सगळीकडे पसरते. मग मधोमध चमचा घालून बघ. तिथूनही वाफ निघाली पाहिजे. कोमट लागला तर आणखी अर्धं मिनिट. ही वेळ आपल्या ८०० वॉटच्या मायक्रोवेव्हची आहे. दुसऱ्याकडे वेगळा असेल, म्हणून घड्याळापेक्षा वाफेवर भरवसा ठेव.

भाजीलाही असंच. फक्त बटाट्याची फोड तोंडात टाकण्यापूर्वी चमच्याने मोडून बघ. वरून बेताची गरम लागली तरी आत ती चटका देण्याइतकी तापलेली असते.

झाकण काढताना लांबची कड आधी उचल, म्हणजे वाफ तुझ्याकडे न येता पलीकडे जाईल. वाफेचा चटका गरम पाण्यापेक्षा वाईट असतो, कारण कातडीवर वाफेचं पाणी होताना तिच्यातली बरीच उष्णता एकदम कातडीत उतरते. काचेचं भांडं बाहेर काढून ओल्या, गार ओट्यावर ठेवू नकोस, तडकू शकतं. कोरडं फडकं पसरून त्यावर ठेव.

भांड्यांचं एवढं लक्षात ठेव: स्टीलचं काहीही मायक्रोवेव्हमध्ये जात नाही. धातूवरून लहरी परत फिरतात, त्यामुळे आतलं अन्न नीट तापत नाही. काठाशी किंवा चमच्याच्या टोकाशी ठिणग्याही उडू शकतात. चांदीसारखी दिसणारी फॉइल आणि सोनेरी काठाच्या प्लेट्सही नकोत. चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या आपल्या फुलाफुलांच्या हलक्या प्लेट्स मेलामाइनच्या आहेत, त्या आतून तापतात आणि खराब होतात. हॉटेलमधून आलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यातली भाजी आधी काचेच्या भांड्यात काढ. उकडलेलं अंडं अख्खं ठेवू नकोस. आत वाफ कोंडून ते फुटतं, आणि कधी कधी बाहेर काढून चमचा लावल्यावर फुटतं. नुसतं पाणीही तापवू नकोस. गुळगुळीत भांड्यात पाणी उकळीच्या पुढे तापूनही शांत दिसू शकतं, आणि चमचा बुडवला की एकदम उसळतं.

भात फेकायचा केव्हा

सकाळी घाई झाली आणि भात ओट्यावरच राहिला, असं कधी होईल. तू संध्याकाळी आलास आणि भात दिवसभर बाहेर आहे असं दिसलं, तर तो गरम करून खायचा नाही, टाकून द्यायचा. तांदळात एका जातीच्या जंतूंची बीजं असतात. भात शिजतानाच्या उष्णतेत ती मरत नाहीत. भात तासन् तास खोलीच्या उबेत राहिला की ती जागी होतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. भात पुन्हा तापवला की जंतू मरतील, पण ते विष मरत नाही, ते उकळीलाही टिकतं. वास आणि चव बिघडलेली नसली तरी उलट्या होऊ शकतात. म्हणून शिजलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, आणि उन्हाळ्यात तासाभरात. भात टाकलास म्हणून कुणी रागावणार नाही. पोळी-भाजी खा.

काही झालंच तर

भाजलं तर चटका बसलेला भाग लगेच नळाखाली धर आणि साध्या, वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं ठेव. वीस मिनिटं फार वाटतात, घड्याळ बघ. चटका वरवरचा दिसला तरी उष्णता कातडीखाली बराच वेळ काम करत राहते, ती काढून घ्यायला तेवढा वेळ लागतो. हातातला धागा, कडं, घड्याळ सूज यायच्या आत काढ. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नकोस. फोड आला तर फोडू नकोस. तळहातापेक्षा मोठा भाग भाजला, किंवा चेहऱ्यावर भाजलं, तर १०८ ला फोन कर आणि मग मला.

पातेल्यात किंवा तव्यावर काही पेटलं तर हात पोचत असेल तर बटण बंद कर, मोठं झाकण किंवा ताट कडेने सरकवत वर ठेव आणि निवेपर्यंत उघडू नकोस. तेला-तुपाच्या आगीवर पाणी कधीही टाकायचं नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती जळतं तेल सगळीकडे उडवते. मायक्रोवेव्हच्या आत काही पेटलं तर दार उघडू नकोस, भिंतीवरचं बटण बंद कर. बाहेरची हवा आत मिळाली नाही की आग विझते. कपड्याला आग लागली तर धावू नकोस. खाली पड, तोंड हाताने झाक आणि लोळ. आग आटोक्यात येत नाही असं वाटलं की काहीही वाचवत बसू नकोस, दार ओढून घेऊन बाहेर पड.

तेल तापवून काही करायचं नाही, कुकर लावायचा नाही. ते आपण रविवारी दोघं मिळून करू. काम झालं की शेगडीची सगळी बटणं बघ, रेग्युलेटर बंद कर आणि मग जेवायला बस.

तुझा बाबा

चिठ्ठी लिहून भागत नाही. ज्यांना आपल्या घरी अशी चिठ्ठी लावायची असेल, त्यांनी त्याआधी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, गॅसची नळी बघावी. जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तारीख नळीवरच छापलेली असते. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघता येतं. काडी पेटवून कधीही बघू नये. दुसरी, मुलाच्या हाताला रेग्युलेटर फिरतो का ते तपासावं. मोठ्यांना सहज फिरणारा रेग्युलेटर चौदा वर्षांच्या मुलाला कधी कधी जड जातो, आणि तो नेमका गरजेच्या वेळी कळतो. तिसरी, एका संध्याकाळी आपण हात मागे बांधून स्वयंपाकघरात उभं राहावं आणि जेवण मुलाला गरम करू द्यावं. तो आधी वास घेतो का, बटणाआधी लायटर उचलतो का, झाकणाची लांबची कड आधी उचलतो का, हे बघावं. मधेच हाक मारून त्याला बाहेर बोलवावं. तो गॅस बंद करून आला, तर त्याच्यावर स्वयंपाकघर सोपवायला हरकत नाही.